उताणे झाकण, पालथे झाकण : कॅमेऱ्याने माप घेताना उंचीचा हिशोब

साकीनाक्याच्या एका औद्योगिक वसाहतीत आमचा प्लास्टिक मोल्डिंगचा गाळा आहे आणि तेथील गुणवत्ता तपासणीचे काम माझ्याकडे आहे. आमचा मुख्य माल म्हणजे स्वयंपाकघरातील डब्यांची पॉलिप्रॉपिलिनची गोल झाकणे. त्यांतील सर्वांत जास्त खपणाऱ्या झाकणाचा ओठापाशी बाहेरचा व्यास १२० मिलिमीटर असावा लागतो आणि त्यात अधिक-उणे ०.४ मिलिमीटरची सूट असते. खरे पाहता डब्यावर झाकण घट्ट बसते की नाही हे आतल्या व्यासावर ठरते. पण भिंतीची जाडी साच्यानेच बांधलेली असल्यामुळे बाहेरचा व्यास वाढला की आतलाही तेवढाच वाढतो, आणि वरून पाहणाऱ्या कॅमेऱ्याला बाहेरचीच कड स्वच्छ दिसते. म्हणून मोजायचा तो बाहेरचा व्यास, असे ठरलेले होते.

पूर्वी प्रत्येक पाळीत काही झाकणे उचलून व्हर्निअरने मोजली जात. ग्राहकाने प्रत्येक नगाची तपासणी मागितल्यावर कन्व्हेयरवर कॅमेरा आला. तो बाहेरच्या एका पुरवठादाराने बसवून दिला होता : पट्ट्यापासून ६५० मिलिमीटर उंचीवर २५ मिलिमीटरची लेन्स लावलेला, ५० लाख पिक्सेलचा कृष्णधवल कॅमेरा, दोन बाजूंना दिवे, पुढे खराब माल उडवणारी हवेची नळी, आणि पट्ट्याच्या कडेला, पट्ट्याच्याच पातळीत चिकटवलेली एक संदर्भखूण. खुणेवरील दोन ठिपक्यांमधले अंतर माहीत असल्यामुळे ते किती पिक्सेलमध्ये दिसते हे मोजून एका पिक्सेलचे मिलिमीटर काढायचे आणि त्याच प्रमाणाने झाकण मोजायचे, अशी ती साधी रचना होती. अडचण अशी की नाकारलेल्या मालाच्या पेटीत जमणारी बरीचशी झाकणे हातात घेऊन व्हर्निअरने मोजली तर अगदी चोख निघत. मोल्डिंगवाले कॅमेऱ्यावर विश्वास ठेवेनात, पुरवठादार साच्याकडे बोट दाखवी, आणि माझ्यापुढे निर्णयासाठी पेट्यांवर पेट्या येत राहत.

मी सर्वांत आधी एका पाळीतील सर्व वाचनांचा आलेख काढला. साचा किंवा तापमान यांच्यामुळे माप हलत असते तर एकच उंचवटा दिसला असता, फार तर पसरट. येथे मात्र दोन वेगवेगळे उंचवटे होते. एक १२० च्या आसपास, दुसरा १२२.६ च्या आसपास, आणि दोहोंच्या मध्ये जवळजवळ काहीच नाही. प्लास्टिक असे वागत नाही. आकुंचन कमी-जास्त झाले तर ते हळूहळू सरकते, दोन पायऱ्यांवर उड्या मारत नाही. म्हणजे फरक मालात नसून मोजण्यात होता, एवढे आलेखावरूनच उघड झाले. कशामुळे, हे आमच्या मोल्डिंग सुपरवायझरांनी पट्ट्याशेजारी थोडा वेळ उभे राहून सांगितले. "मॅडम, जरा बघा. उताणं पडलेलं झाकण ते मोठं म्हणतंय, पालथं पडलेलं बरोबर म्हणतंय." मी तेच झाकण उचलून उलटे ठेवले आणि पुन्हा कॅमेऱ्याखालून सोडले, वाचन १२२.६ वरून १२० वर आले.

याचे कारण भूमितीत आहे आणि ते एकदा नीट समजले की कन्व्हेयरवरच्या मोजमापातील निम्म्याहून अधिक गोंधळ उलगडतात, असे माझे मत आहे. कॅमेरा लांबी मोजत नाही. वस्तूची कड लेन्सशी किती कोन करते एवढेच त्याला कळते. तोच कोन जवळच्या लहान वस्तूचाही असू शकतो आणि लांबच्या मोठ्या वस्तूचाही. कोनाचे मिलिमीटर करायचे तर ती कड लेन्सपासून किती अंतरावर आहे हे धरून चालावे लागते, आणि संदर्भखूण नेमके हेच अंतर गृहीत धरून देते. खूण पट्ट्याच्या पातळीत असेल तर ती फक्त पट्ट्याच्या पातळीतल्या कडांसाठीच खरी असते. आमच्या झाकणाची उंची १४ मिलिमीटर आहे. ते पालथे पडले की रुंद ओठ पट्ट्याला टेकतो, लेन्सपासून ६५० मिलिमीटरवर राहतो आणि खुणेच्याच पातळीत येतो. माप बरोबर निघते. उताणे पडले की तोच ओठ १४ मिलिमीटर वर येतो, लेन्सपासून ६३६ मिलिमीटरवर. आता तो ६५० भागिले ६३६ पट, म्हणजे १.०२२ पट मोठा दिसणार. १२० ला १.०२२ ने गुणले की १२२.६ येते. आलेखातला दुसरा उंचवटा बरोबर तेथेच होता. सूट ०.४ मिलिमीटरची आणि केवळ कूस बदलल्याने येणारा फरक २.६ मिलिमीटरचा, अशी ती स्थिती होती.

येथे एक आडाखा मनात पक्का ठेवावा असा आहे. आमच्या मांडणीत कड एक मिलिमीटरने वर-खाली झाली की मापात ६३६ मध्ये एक या प्रमाणात फरक पडतो, म्हणजे १२० मिलिमीटरच्या झाकणात सुमारे ०.१९ मिलिमीटर. पुढे जे जे बिघाड आले ते मी सर्वांत आधी याच आकड्याशी ताडून पाहिले.

उंचीचा हा परिणाम मुळातच टाळणाऱ्या टेलिसेंट्रिक लेन्स मिळतात. त्यांत येणारे किरण समांतर घेतले जात असल्याने वस्तू वर-खाली झाली तरी आकार बदलत नाही. परंतु अशा लेन्सचे पुढचे भिंग मोजायच्या वस्तूपेक्षा मोठे असावे लागते. १२० मिलिमीटरच्या झाकणासाठी ती लेन्स चांगलीच अवजड आणि महाग होते, आणि आमच्या कन्व्हेयरवर तेवढी जागाही नव्हती. म्हणून साध्या लेन्सवरच काम भागवायचे आणि उंचीला शिस्त लावायची, असे ठरले.

दोन गोष्टी करायच्या होत्या. सर्व झाकणे एकाच कुशीवर यायला हवी होती आणि संदर्भखूण पट्ट्याच्या नव्हे तर ओठाच्या पातळीत हवी होती. पालथी ठेवावीत की उताणी, यावर थोडा विचार केला. पालथ्या झाकणात ओठ पट्ट्याला टेकतो, तेथे सावली पडते आणि पट्ट्यावरची धूळ नेमकी त्याच कडेला चिकटून दिसते. उताण्या झाकणात ओठ सर्वांत वर असतो, त्याच्यामागे काळा पट्टा १४ मिलिमीटर खाली असतो आणि कड स्वच्छ सुटून दिसते. त्यामुळे उताणे ठेवायचे ठरले. शेजारच्या गाळ्यातल्या फॅब्रिकेटरकाकांनी साच्याखालची घसरण अशी वाकवून दिली की झाकण खाली येताना ओठ वर राहतो. तरीही अधूनमधून एखादे पालथे पडतेच. त्याला आता ओठाच्या पातळीचे प्रमाण लागू होते आणि ते ११७.४ च्या आसपास वाचले जाते. खऱ्या दोषामुळे झाकण इतके लहान होत नाही. म्हणून ११८ च्या खालचे वाचन आले की नग नाकारायचा नाही, वेगळ्या पेटीत घ्यायचा आणि पुन्हा सोडायचा, असा नियम केला.

त्यानंतर कॅमेऱ्याचे कॅलिब्रेशन नव्याने केले. यात दोन वेगळी कामे असतात आणि ती एकमेकांत मिसळू देऊ नयेत. पहिले काम लेन्सचे. प्रत्येक लेन्स सरळ रेषेला कडेकडे किंचित वाकवते. बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकटींची पाटी वेगवेगळ्या कलांत धरून अनेक छायाचित्रे घेतली की चौकटींच्या कोपऱ्यांवरून लेन्सचा हा वाकडेपणा काढता येतो. झांग यांनी २००० मध्ये मांडलेली ही पद्धत ओपनसीव्हीमध्ये `cv2.calibrateCamera` या नावाने तयार मिळते. दुसरे काम पातळीचे. तीच पाटी ओठाच्या उंचीवर सपाट ठेवून त्या एका पातळीतील पिक्सेल आणि मिलिमीटर यांचे नाते ठरवायचे. लेन्सचे काम फोकसचे कडे आणि छिद्राचे कडे स्क्रूने कसून आवळल्यावरच करायचे, कारण फोकस नंतर हलला तर आधीचे सगळे वाया जाते.

पुरवठादाराची पाटी छापील कागदाची होती, पुठ्ठ्यावर डकवलेली. मुंबईच्या पावसाळ्यात अशी पाटी मोजमापाला चालत नाही. कागद हवेतला दमटपणा शोषून फुगतो, तोही लांबीत आणि रुंदीत सारखा नव्हे, आणि पुठ्ठा कडांना उचलला जातो. शिवाय छपाई यंत्र पानावर मावण्यासाठी चित्र गुपचूप लहान करते, ते पट्टीने तपासल्याशिवाय समजत नाही. आम्ही ॲल्युमिनियमच्या जाड पाटीवर कोरलेल्या चौकटी करून घेतल्या आणि त्यांतील अंतरे एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेतून मोजून आणली. ओठाची उंची मिळवण्यासाठी पाटीखाली असे घासलेले पोलादी ठोकळे ठेवले की पाटीचा वरचा पृष्ठभाग पट्ट्यापासून बरोबर १४ मिलिमीटरवर यावा. ठोकळ्याची उंची निवडताना पाटीची स्वतःची जाडी वजा करणे आवश्यक असते. चौकटी पाटीच्या वरच्या अंगाला असतात आणि मोजायची पातळी तीच.

आता राहिली कायमची संदर्भखूण. पाटी रोज ठेवता येत नाही आणि कॅमेऱ्याचा आधार मात्र रोज थोडा हलतो. आमच्या शेजारी पंचिंगचे प्रेस आहेत आणि ते चालू असताना जमिनीची थरथर पायाला जाणवते. म्हणून प्रत्येक छायाचित्रात दिसेल अशी खूण लागतेच. पूर्वीच्या खुणेवर दोनच ठिपके होते. दोन ठिपक्यांवरून मोठे-लहान दिसणे कळते, पण कॅमेरा तिरका झाला तर ते कळत नाही. कॅमेरा पट्ट्याच्या आडव्या दिशेने एकच अंश कलला तरी पट्ट्याची एक बाजू लेन्सजवळ आणि दुसरी लांब जाते. आमच्या मार्गदर्शक पट्ट्यांमध्ये झाकण मध्यापासून डावीकडे आणि उजवीकडे प्रत्येकी २० मिलिमीटर सरकू शकते, आणि तेवढ्या सरकण्याने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मापात ०.१३ मिलिमीटरचा फरक येतो. हे ध्यानात घेऊन कन्व्हेयरच्या सांगाड्यावर, पट्ट्याला न शिवता, दोन्ही बाजूंना स्टेनलेस स्टीलच्या दोन पट्ट्या ओठाच्या उंचीवर बसवल्या आणि प्रत्येकीवर दोन, असे एकूण चार काळे ठिपके ठेवले. आडवे अंतर १८० मिलिमीटर, उभे १४० मिलिमीटर. चार बिंदू मिळाले की मोठेपणा आणि कल दोन्ही एकदम दुरुस्त होतात.

पट्ट्या बसवताना उंची नजरेने धरून चालले नसते. अर्धा मिलिमीटर चुकला तरी वरच्या आडाख्याप्रमाणे मापात जवळजवळ ०.१ मिलिमीटर कायमचा शिरतो. पट्ट्यावर १४ मिलिमीटरचे ठोकळे ठेवून त्यांवर सरळपट्टी टेकवली आणि स्टीलच्या पट्ट्या त्या सरळपट्टीला खालून भिडेपर्यंत वर घेतल्या, मग बोल्ट आवळले. आवळताना पट्टी किंचित वळते, म्हणून आवळल्यावर पुन्हा सरळपट्टी लावून फटीत फीलर गेज घालून पाहावे लागते. हे काम कंटाळवाणे असले तरी मी ते स्वतः उभे राहून करून घेतले, कारण सगळ्या मोजमापाची भिस्त त्या उंचीवर आहे.

मोजणीचा गाभा प्रत्यक्षात अगदी आटोपशीर आहे. पूर्ण छायाचित्र सरळ करत बसण्याऐवजी झाकणाच्या कडेचे बिंदू तेवढे सरळ केले की वेळ वाचतो :

```python
pts = cv2.undistortPoints(edge, K, dist, P=K)
mm = cv2.perspectiveTransform(pts, H)
(cx, cy), (d1, d2), ang = cv2.fitEllipse(mm)
```

येथे `K` आणि `dist` लेन्सच्या कॅलिब्रेशनमधून येतात आणि `H` चार ठिपक्यांवरून प्रत्येक छायाचित्रागणिक नव्याने काढला जातो. अर्थात ठिपक्यांची केंद्रेही आधी तशीच सरळ करून घ्यावी लागतात. `d1` आणि `d2` हे लंबवर्तुळाचे दोन व्यास मिलिमीटरमध्ये मिळतात. दोन्हींची सरासरी म्हणजे झाकणाचा व्यास आणि दोन्हींतला फरक म्हणजे त्याचा लांबटपणा. एक पिक्सेल ओठाच्या पातळीत सुमारे ०.०८४ मिलिमीटरचा आहे, पण कडेवरचे हजारो बिंदू एकत्र बसवले जात असल्याने व्यास पिक्सेलपेक्षा बारीक हलतो. तेच झाकण वेगवेगळ्या बाजूंनी फिरवून पुन्हा पुन्हा सोडले की वाचने शंभरांश मिलिमीटरच्या दोन-तीन घरांत राहतात.

पण वाचने एकमेकांशी जुळणे आणि ती खरी असणे या भिन्न गोष्टी आहेत, आणि येथे ठिपक्यांची एक मर्यादा पुढे येते. ठिपक्याचे केंद्र काढताना प्रकाश कमी-जास्त झाला तरी फरक पडत नाही, कारण ठिपका सर्व बाजूंनी सारखाच फुगतो किंवा आक्रसतो. झाकणाची कड मात्र एकीकडून पांढरी आणि दुसरीकडून काळी असते. दिवा प्रखर झाला की पांढरे काळ्यावर सरकते आणि झाकण दोन्ही बाजूंनी वाढलेले दिसते. म्हणजे ठिपके सर्व काही ठीक असल्याचे सांगत असताना व्यास एक पिक्सेलभर वाढलेला असू शकतो. मी पडद्यावर कड मोठी करून पाहिली : पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत जाताना चार-पाच पिक्सेल करड्या छटांचे होते आणि कड नेमकी कोठे मानायची हे एका ठरावीक आकड्यावर सोडलेले होते. त्याऐवजी प्रत्येक ठिकाणच्या स्थानिक उजळ आणि गडद छटांच्या बरोबर मध्यावर कड धरली, म्हणजे दिव्याचे तेज थोडे उतरले तरी मध्य तेथेच राहतो. त्याच्या जोडीला १२० मिलिमीटर व्यासाची, पांढरा मॅट लेप दिलेली धातूची एक मास्टर चकती केली. तिचा व्यास लेपासकट प्रयोगशाळेत मोजलेला आहे आणि तिला असे पाय आहेत की तिची कड ओठाच्याच उंचीवर राहते. ठिपके प्रमाण तपासतात, चकती कड तपासते. एकाने दुसऱ्याचे काम होत नाही.

प्रकाशाबाबत आणखी थोडेच सांगायचे आहे. पट्टा मिनिटाला १५ मीटर, म्हणजे सेकंदाला २५० मिलिमीटर चालतो. एक मिलिसेकंदाच्या एक्स्पोजरमध्ये झाकण पाव मिलिमीटर पुढे सरकते आणि चालीच्या दिशेने तीन पिक्सेल फराटा उमटतो. म्हणून दिवे झटक्याने पेटणारे लावले आणि प्रकाशाचा झोत १५० मायक्रोसेकंदांवर आणला; त्या वेळात झाकण अर्ध्या पिक्सेलहून कमी सरकते. इतक्या थोड्या वेळेत गाळ्यातल्या ट्यूबलाइटचा प्रकाश जवळजवळ नोंदवलाच जात नाही, त्यामुळे ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा होणारी त्यांची उघडझापही मापात येत नाही. कॅमेरा मात्र सर्व ओळी एकाच क्षणी टिपणाऱ्या ग्लोबल शटरचा हवा. ओळ-ओळ टिपणाऱ्या कॅमेऱ्यात चालते गोल झाकण तिरके किंवा लांबट होते आणि लांबटपणाचे सगळे आकडे खोटे ठरतात.

इतके झाल्यावर आलेखात एकच उंचवटा राहिला, पण त्याच्या उजव्या बाजूला तुरळक वाचने ०.२ मिलिमीटरने वर सुटत होती. आडाखा हाताशी होता : ०.१९ म्हणजे एक मिलिमीटर उंची. प्रत्येक वाचनाची वेळ नोंदलेली असते, ती काढून पाहिली तेव्हा सुटलेल्या वाचनांमधील अंतर नेहमी २४ सेकंद किंवा २४ च्या पटीत निघाले. आमच्या पट्ट्याची एकूण लांबी ६ मीटर आहे आणि मिनिटाला १५ मीटर वेगाने त्याचा एक फेरा बरोबर २४ सेकंदांत होतो. पट्ट्याच्या सांध्याला धातूच्या क्लिपा होत्या, आणि ज्या झाकणाचे नशीब त्या सांध्यावर बसण्याचे असे ते एक मिलिमीटर उचलले जाऊन मोठे वाचले जाई. ठिपक्यांना याचा पत्ता लागणे शक्यच नव्हते, कारण ते सांगाड्यावर स्थिर आहेत. खूण स्वतःच्या उंचीची साक्ष देते, झाकणाच्या उंचीची नव्हे. क्लिपांचा सांधा काढून पट्टा उष्णतेने जोडून घेतला आणि कॅमेऱ्याखालच्या भागात पट्टा झोळ न घेता सपाट पत्र्यावरून सरकेल असा आधार दिला. त्यानंतर २४ सेकंदांची ती खूणगाठ आलेखातून नाहीशी झाली.

कॅमेरा खरा मोजू लागल्यावर व्हर्निअरशी त्याचा वेगळाच वाद निघाला, आणि तो मालाच्या स्वभावातला होता. कॅमेऱ्याखाली झाकण साच्यातून निघाल्यावर थोड्याच वेळात येते आणि तेव्हा ते कोमट असते. पॉलिप्रॉपिलिन तापमानाने बरेच प्रसरण पावते. १२० मिलिमीटरच्या झाकणाचे तापमान खोलीपेक्षा २५ ते ३० अंश जास्त असेल तर तेवढ्यानेच सुमारे ०.४ मिलिमीटर वाढ होते, म्हणजे जवळजवळ संपूर्ण सूटच. शिवाय हे प्लास्टिक साच्यातून निघाल्यावर पुढचा दिवसभर सावकाश आकसत राहते. झाकणांवर मार्करने क्रमांक घालून ती कॅमेऱ्याखालून सोडली आणि दुसऱ्या दिवशी हाताने मोजली. हाताने मोजतानाही व्हर्निअर बाजूला ठेवला, कारण त्याचे जबडे मऊ ओठाला दाबतात आणि किंचित लांबट झाकणाचा एकच व्यास सांगतात. त्याऐवजी परिघाभोवती गुंडाळून सरासरी व्यास दाखवणारा पाय टेप वापरला. कोमट आणि थंड मापांतील फरक बहुतेक नगांत सारखा आला, म्हणून कॅमेऱ्याची मर्यादा तेवढ्याने वर सरकवली. मात्र हा फरक पट्ट्याची चाल चालू असेपर्यंतच सारखा राहतो. चहाच्या सुट्टीत कन्व्हेयर थांबला की त्यावरची झाकणे जास्त थंड होतात आणि पुन्हा सुरू झाल्यावर ती लहान वाचली जातात. त्यामुळे थांबून सुरू झालेल्या पट्ट्यावरची, कॅमेऱ्याच्या अलीकडची झाकणे आपोआप वेगळ्या पेटीत जातील अशी सोय प्रोग्राममध्ये केली. हा उपाय मला पूर्ण पसंत नाही. साच्यानंतर झाकणे पुरेशी थंड होऊन मगच कॅमेऱ्याखाली यावीत, हेच योग्य. पण त्यासाठी लागणारी कन्व्हेयरची लांबी आमच्या गाळ्यात नाही.

आता प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला ऑपरेटर मास्टर चकती पट्ट्याच्या मध्यावर, डाव्या अंगाला आणि उजव्या अंगाला ठेवून तीनदा सोडतो. तिन्ही वाचने एकमेकांशी जुळली पण खऱ्या मापापासून सारखीच सरकली असतील तर आधी दिवे आणि लेन्सवरची धूळ पाहायची, आणि दोहोंत काही आढळले नाही तर स्टीलच्या पट्ट्यांची उंची पुन्हा तपासायची. डावे आणि उजवे यांत फरक असेल तर एखादा ठिपका मळला आहे किंवा स्टीलची पट्टी हलली आहे. चार ठिपक्यांमधले पिक्सेलमधले अंतर प्रोग्राम सतत नोंदवतो आणि ते ठरलेल्या मर्यादेबाहेर गेले की मोजणी थांबवून दिवा लावतो. ०.४ च्या सुटीपैकी कडेचा ०.०५ मिलिमीटरचा पट्टा आम्ही संशयाचा मानतो. त्यात पडलेला नग थंड झाल्यावर पाय टेपने मोजूनच पुढे जातो.

रंगीत झाकणांसाठी लाल दिव्यांच्या जागी पांढरे दिवे लावावे लागले, कारण लाल प्रकाशात निळे झाकण काळ्या पट्ट्यावर जवळजवळ दिसेनासे होते. पारदर्शक झाकणांचे काम मात्र या मांडणीत होत नाही. त्यांची कड प्रकाश वळवते, एका ओठाच्या जागी दोन-तीन उजळ वलये दिसतात आणि त्यांतले खरे कोणते हे झाकणाच्या जागेनुसार बदलते. त्यांना खालून प्रकाश द्यावा लागेल, म्हणजे पट्टाच बदलावा लागेल. तोवर ती झाकणे प्रत्येक पाळीत नमुना घेऊन, दुसऱ्या दिवशी, पाय टेपनेच मोजली जातात.